वय तीन वर्षांनी कमी, पद एक पायरी वर: थेट विचारावं, आडून विचारावं की थांबावं?

दोन-तीन भेटी झालेल्या असतात, माणूस आवडायला लागलेला असतो, आणि मग कळतं की त्याने सांगितलेलं वय, पद किंवा कमाई जुळत नाही. नातं म्हणावं इतकं अजून काही झालेलं नसतं, त्यामुळे जाब विचारायचा आपल्याला हक्क तरी आहे का, हेच कळत नाही. गप्प बसलं तर पुढच्या प्रत्येक गप्पांमध्ये तो आकडा डोक्यात घोळत राहतो.

माझ्या एका मैत्रिणीवर २०२५ साली ही वेळ आली. तिच्या परवानगीने तिचंच उदाहरण घेते. डेटिंग ॲपवर ओळख झालेल्या एकाचं वय प्रोफाइलवर ३६ होतं आणि काम ‘डिझाइन विभाग प्रमुख’. दुसऱ्या भेटीत बोलता बोलता तो म्हणाला, “आता सदतिसावं लागेल.” तिसऱ्या भेटीनंतर त्याने स्वतःच आपल्या कामाचे नमुने असलेल्या साइटची लिंक पाठवली. तिथे पदवीचं वर्ष होतं २००८ आणि पद ‘सीनियर डिझायनर’.

तिचा पहिला विचार होता, लगेच मेसेज करून सोक्षमोक्ष लावायचा. मी तिला आधी बेरीज-वजाबाकी करायला लावली. वय खरंच ३६ असेल तर पदवी एकोणिसाव्या वर्षी मिळालेली. अशक्य नाही, पण दुर्मीळ. नेहमीच्या बाविसाव्या वर्षी मिळाली असेल तर वय ३९ येतं. म्हणजे वयाबद्दलचा संशय भक्कम होता. पदाचं तसं नव्हतं. असल्या साइट लोक वर्षानुवर्षं अपडेट करत नाहीत. बढती झाली असेल आणि पान जुनंच राहिलं असेल. कमाईच्या बाबतीत तर आणखी जपून राहावं लागतं. एक जण पॅकेजचा आकडा सांगतो, दुसरा हातात पडणाऱ्या पगाराचा, आणि पॅकेजमधला काही भाग कधी मिळतच नाही. अशी तफावत दिसली की ती थाप आहे असं धरून चालू नये.

फुगवणं किती नेहमीचं आहे

टोमा, हॅनकॉक आणि एलिसन या संशोधकांनी २००८ साली न्यूयॉर्कमधल्या ८० ऑनलाइन डेटिंग करणाऱ्यांची उंची आणि वजन प्रत्यक्ष मोजलं, वय ओळखपत्रावरून पाहिलं आणि प्रोफाइलशी ताडून बघितलं. ८१ टक्के लोकांची तिन्हीपैकी निदान एक गोष्ट जुळली नाही. पण बहुतेकांचा फरक किरकोळ होता, समोरासमोर भेटल्यावर सहज लक्षात येऊ नये इतका. सर्वाधिक फेरफार वजनात होता आणि सर्वात कमी वयात.

यातून दोन गोष्टी कळतात. नुसती तफावत सापडली म्हणून माणूस लबाड ठरत नाही. आणि वयात तीन वर्षांचा फरक म्हणजे या गर्दीतला नेहमीचा किरकोळ फेरफार नव्हे.

वय कमी लिहिण्यामागे बहुतेक वेळा चाळणी असते. शोधताना लोक ३०, ३५, ४० अशा गोल आकड्यांवर मर्यादा लावतात, आणि त्या रेषेच्या पलीकडे गेलेला माणूस कुणाला दिसतच नाही. शिवाय बऱ्याच ॲपवर जन्मतारीख एकदा टाकली की नंतर बदलता येत नाही. म्हणून मी फरक करते तो प्रोफाइलवरचा आकडा आणि तोंडाने सांगितलेला आकडा यांच्यात. प्रोफाइलवर वय कमी लिहून पहिल्या-दुसऱ्या भेटीत “खरं तर मी अमुक वर्षांचा” म्हणणारे पुष्कळ असतात. “आता सदतिसावं लागेल” हे वाक्य मात्र कुणी मागितलं नव्हतं. तिथे खोट्या आकड्यावर नवी वीट चढली. पदाबद्दल तो भेटीत इतकंच म्हणाला होता की “डिझाइनचं मी बघतो.”

आडून विचारणं

बहुतेकांना हाच रस्ता सभ्य वाटतो: माहीत नसल्यासारखं दाखवायचं, “कॉलेज कधी संपलं रे तुझं?” असा खडा टाकायचा आणि तो काय म्हणतो ते बघायचं.

ही युक्ती पोलिसांच्या चौकशीतली आहे, आणि तिथे ती चालते. स्वीडनमधल्या पोलीस प्रशिक्षणार्थींवर झालेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना पुरावा शेवटपर्यंत राखून ठेवायला शिकवलं होतं त्यांनी ८५ टक्के वेळा खरं-खोटं बरोबर ओळखलं, आणि ज्यांना शिकवलं नव्हतं त्यांनी ५६ टक्के वेळा. कारण सरळ आहे. समोरच्याला काय माहीत आहे याचा अंदाज नसला की खोटं बोलणारा पुराव्याच्या नेमकं उलट विधान करून बसतो.

पण चौकशी अधिकाऱ्याला गुन्हा झाला की नाही हे शोधायचं असतं. तुम्हाला आकडा चुकीचा आहे हे बऱ्यापैकी कळलेलंच आहे. तुम्हाला हवी आहे ती दुसरीच माहिती: चूक दाखवल्यावर हा माणूस काय करतो? सापळा लावला तर तो आधीचीच थाप पुढे रेटतो, आणि ही दुसरी थाप निम्मी तुमच्या प्रश्नाने घडवलेली असते. “मला माहीत होतं, तरी मी विचारलं” हे उघड झालं की बोलणं त्याच्या वयावरून तुमच्या वागण्यावर घसरतं. तो थोडा अडखळला तर त्यावरूनही फारसं काही कळत नाही. नुसत्या वागण्या-बोलण्यावरून खोटं ओळखण्यात लोक सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ठरतात, असं २००६ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. छापा-काट्यापेक्षा किंचित बरं.

तरी एका ठिकाणी आडून विचारणंच योग्य: तुमची माहिती कच्ची असते तेव्हा. मैत्रिणीला पदाबद्दल हेच करायचं होतं. “तुमच्या टीममध्ये कामं कोण वाटून देतं?” हा प्रश्न तिने काहीच पाहिलं नसतं तरी विचारता आला असता, आणि उत्तर सरळ निघालं असतं तर तिला आनंदच झाला असता. ही दोन्ही लक्षणं असतील तर तो सापळा नाही. प्रश्न एकच असावा. तिसऱ्या प्रश्नाला उलटतपासणी सुरू होते.

थांबणं

मूग गिळून बसणं दर वेळी भित्रेपणाचं नसतं. फुगवटा फक्त प्रोफाइलवर असेल, तोंडाने कधी आला नसेल, तर एक-दोन भेटी वाट पाहायला हरकत नाही. कित्येक जण स्वतःहून दुरुस्त करतात, आणि न विचारता आलेली दुरुस्ती विचारून काढलेल्या दुरुस्तीपेक्षा जास्त मोलाची असते.

फक्त मुदत ठरवून थांबावं. ती तारखेवर न ठेवता प्रसंगावर ठेवावी: शारीरिक जवळीक, इतरांना भेटणं बंद करणं, घरच्यांशी ओळख, एकत्र खर्च. ज्या निर्णयात तो आकडा मोजला जातो त्याच्या आधी विषय निघायलाच हवा. नाहीतर चार महिन्यांनी विषय निघाल्यावर “म्हणजे तुला तेव्हापासून माहीत होतं?” हा प्रश्न येतो, आणि तो रास्तही असतो.

मैत्रिणीसाठी हा रस्ता बंद झाला होता. आकडा तोंडाने येऊन गेला होता.

थेट सांगणं

राहिलं ते हे, आणि यात शब्दच महत्त्वाचे. तिने आधी लिहिलेलं वाक्य होतं, “तू वयाबद्दल खोटं का बोललास?” ‘का’ विचारलं की समोरचा कारणं शोधायला लागतो. शिवाय तुम्ही निकाल आधीच देऊन टाकलेला असतो. आम्ही ते बदलून असं केलं: “तू पाठवलेल्या लिंकवर पदवीचं वर्ष २००८ दिसलं. त्यावरून ३६ जुळत नाही असं वाटलं. तुझं वय नक्की किती आहे?” काय पाहिलं, कुठे पाहिलं, काय जुळत नाही, आणि आकड्याने उत्तर देता येईल असा प्रश्न. यानंतर गप्प राहायचं. शांतता असह्य होऊन आपणच “म्हणजे, मला तसा काही प्रॉब्लेम नाही...” म्हणून त्याची सुटका करून टाकतो. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो.

‘कुठे पाहिलं’ हे गाळू नये. तिच्या बाबतीत लिंक त्यानेच दिली होती, म्हणून सोपं गेलं. तुम्ही नाव टाकून शोधलं असेल किंवा ओळखीच्या कुणाला विचारलं असेल तर तेही पहिल्याच वाक्यात सांगावं.

माध्यमाचं म्हणाल तर मेसेजवर समोरच्याला सारवासारव करायला हवा तितका वेळ मिळतो, आणि तुम्ही दोन निळ्या खुणांकडे बघत बसता. प्रत्यक्ष भेटीत चेहरा दिसतो, पण विषय बिनसला तर उठून जाणं अवघड होतं. इतक्या सुरुवातीला मला फोन बरा वाटतो. उत्तर तिथल्या तिथे मिळतं आणि दोघांनाही फोन ठेवता येतो. रागाची झलक आधी दिसली असेल तर मात्र मेसेजच.

एका परिस्थितीत यातलं काहीच करू नये. कमाई किंवा पद फुगवलेलं आहे आणि सोबत उसने पैसे, गुंतवणुकीचा सल्ला, अडकलेली रक्कम असलं काही आलं आहे, तर विषय काढूच नका. काय खटकलं हे सांगणं म्हणजे पुढच्या सावजासाठी गोष्ट नीट करून देणं. मेसेज जपून ठेवा, पैसे पाठवू नका, ॲपवर तक्रार करा, संपर्क तोडा. पैसे आधीच गेले असतील तर लगेच बँक आणि पोलीस.

उत्तर आल्यावर

मैत्रिणीने फोन केला. थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “एकोणचाळीस.” दोन वर्षांपूर्वी, ३७ चा असताना, पस्तिशीच्या चाळणीत बसावं म्हणून त्याने ३४ पडतील अशी तारीख टाकली होती. तिने एकच पुढचा प्रश्न विचारला: दुसऱ्या भेटीत स्वतःहून का सांगितलंस? तो म्हणाला, तेव्हाच सुधारायला हवं होतं, धीर झाला नाही.

आकडा एका दमात पूर्ण आला याला मी सर्वात जास्त गुण देते. “अडतीस... म्हणजे, येत्या महिन्यात एकोणचाळीस” असा हप्त्याहप्त्याने आला असता तर पुढे आणखी हप्ते आहेत असं समजावं. “सगळेच करतात” हे उत्तर बरंचसं खरं आहे, पण तुम्ही सगळ्यांबद्दल विचारलेलं नसतं. आणि चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या, “तू माझी चौकशी करतेस?” म्हणून, तर आकडा किती हा प्रश्नच उरत नाही.

मग तिने टीमबद्दलचा प्रश्न विचारला. विभागप्रमुख सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेला होता, जागा अजून भरलेली नव्हती, आणि काम तो बघत होता. कागदावर मात्र सीनियर डिझायनरच. निम्मं खरं, निम्मं उसनं घेतलेलं पद.

दोन दिवसांनी तिने प्रोफाइल उघडलं. वय अजून ३६ च दिसत होतं, ॲपवर ते बदलत नाही. पण माहितीच्या पहिल्या ओळीत त्याने लिहिलं होतं: “वय ३९. वरचा आकडा चुकीचा आहे.” तिने तसं करायला सांगितलं नव्हतं. पद मात्र तसंच होतं. चौथी भेट झाली. त्या भेटीत तिने पदाचा विषय काढला की नाही, हे तिने मला अजून सांगितलेलं नाही.