एक तार जोडू की दोन? लांबी मोजणाऱ्या एन्कोडरची निवड

रोलिंग शटरची पट्टी ठरावीक लांबीला कापणारी मशीन बांधायची असेल, तर पट्टीवर टेकलेलं मोजणीचं चाक आणि त्याच्या शाफ्टवर एन्कोडर हे जवळपास ठरलेलंच असतं. प्रश्न पुढे येतो. फक्त ए चॅनेलची तार काउंटरला जोडून पल्स मोजायचे, की ए आणि बी दोन्ही जोडायचे? आणि दोन्ही जोडले तर ते वाचायचे कसे? हा शेवटचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, पण पट्टी आखूड येण्याचं कारण पुष्कळदा तिथेच सापडतं.

आकडे सोपे धरू. चाकाचा परीघ 300 मिमी, एन्कोडर 600 पल्सचा. म्हणजे चाकाच्या एका फेरीत 600 पल्स आणि दर पल्सला 0.5 मिमी पट्टी. तीन मीटरचा तुकडा म्हणजे 6000 पल्स.

एकाच तारेवर हे छान चालतं, जोवर पट्टी फक्त पुढे जाते. अडचण कापाच्या वेळी येते. मोटर थांबते, ब्लेड खाली येतं, पट्टीला धक्का बसतो. पट्टी 2 मिमी मागे सरकते आणि परत 2 मिमी पुढे येते. प्रत्यक्षात ती आहे तिथेच आहे. पण काउंटरला मागचे 4 आणि पुढचे 4 असे 8 पल्स मिळाले, आणि त्याच्या दृष्टीने पट्टी 4 मिमी पुढे गेली. काउंटर धक्क्याच्या आधीच शून्य झाला असेल, तर पुढचा तुकडा 4 मिमी आखूड निघणार. आमच्या मशीनवर हेच होत होतं. आम्ही चाक घसरतंय असं समजून त्याची स्प्रिंग दोनदा घट्ट केली. चाक घसरलं, तर मोजणी कमी भरते आणि तुकडा लांब निघतो, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. तुकडा आखूड येत असेल, तर काउंटर जास्तीचे पल्स खातोय.

आता दुसरी तार. एन्कोडरच्या आत बारीक फटी असलेली चकती फिरते आणि तिच्यासमोर दोन सेन्सर असतात. दोघांना त्याच फटी दिसतात, पण सेन्सर अशा अंतरावर बसवलेले असतात की बीचा सिग्नल एच्या पाव आवर्तन मागे राहतो. त्यामुळे चकती सुलट फिरताना आधी ए चालू होतो, मग बी, मग ए बंद, मग बी बंद. ए आणि बी जोडीने लिहिले, तर 00, 10, 11, 01 आणि पुन्हा 00. उलट फिरवली की हीच साखळी उलटी वाचली जाते: 00, 01, 11, 10. एकट्या ए चॅनेलकडे पाहून दिशा कळूच शकत नाही, कारण त्याचे चौकोनी पल्स दोन्हीकडून सारखेच दिसतात. दिशा कळते ती कोण आधी आला यावरून. शिवाय एका वेळी एकच सिग्नल बदलतो, म्हणून प्रत्येक बदल एक तर एक पाऊल पुढे असतो, नाही तर एक पाऊल मागे.

इथे दोन पर्याय पडतात. पहिला सगळ्यांना आधी सुचतो: ए वर गेला की बी पाहा, बी बंद असेल तर एक मिळवा, चालू असेल तर एक वजा करा. चाक फिरतं ठेवून तपासलं, तर हे बरोबर चालतं आणि दिशाही बरोबर दाखवतं. पण चाक नेमकं एच्या कडेवर थांबलं आणि तिथे थरथरलं तर? ए वर, खाली, वर, खाली. बी मात्र सगळा वेळ बंदच. दर वेळी वर जाताना एक मिळवला जातो आणि खाली येताना कुणी वजा करत नाही. एका तारेचाच दोष दोन तारा जोडून परत आला. त्यावर साधा इलाज आहे: बी बंद असताना ए वर गेला तर अधिक एक, आणि बी बंद असतानाच ए खाली आला तर वजा एक. मग थरथर आपोआप कटते.

दुसरा पर्याय म्हणजे चारही बदल मोजणं. जुनी जोडी आणि नवी जोडी मिळून सोळा शक्यता होतात, त्यांचा छोटा तक्ता पुरतो. आर्डुइनो उनोवर तो असा:

```
const int8_t T[16] = {0,-1,1,0, 1,0,0,-1,
                      -1,0,0,1, 0,1,-1,0};
volatile uint8_t s = 0;
volatile long n = 0;
void isr() {
  s = ((s << 2) | (digitalRead(2) << 1)
       | digitalRead(3)) & 15;
  n += T[s];
}
```

ए पिन 2 वर, बी पिन 3 वर, आणि दोन्ही पिनांना `CHANGE` वर हेच `isr`. आता एका पल्समध्ये चार पावलं, म्हणजे दर पाऊल 0.125 मिमी. मला मात्र यातलं चौपट रिझोल्यूशन दुय्यम वाटतं. स्वस्त एन्कोडरमध्ये ही चार पावलं एकसारखी नसतात, आणि चाकाचा परीघ 0.2 टक्क्याने चुकला तरी तीन मीटरला 6 मिमी जातात. खरा फायदा दोन गोष्टींत आहे. थरथरीचे बदल अधिक-वजा होऊन जातात. शिवाय ए आणि बी दोन्ही एकदम बदललेले दिसले, तर मधलं एक पाऊल वाचायचं राहिलं हे नक्की कळतं. वरच्या तक्त्यात अशा बदलाला शून्य दिलं आहे, कारण चकती कुठल्या बाजूने तिथे पोहोचली हे सांगता येत नाही. असे बदल वेगळ्या काउंटरमध्ये मोजा. तो आकडा वाढत असेल, तर मोजणीवर विश्वास ठेवू नका.

तो कधी वाढेल? पट्टी मिनिटाला 30 मीटर धावत असेल, तर सेकंदाला 1000 पल्स, म्हणजे 4000 बदल. दोन बदलांत 250 मायक्रोसेकंद मिळतात, उनोला ते पुष्कळ आहेत. पण तोच एन्कोडर 3000 आरपीएमच्या मोटरच्या शाफ्टवर लावला, तर सेकंदाला 1,20,000 बदल येतात आणि हाताशी जेमतेम 8 मायक्रोसेकंद उरतात. तिथे सॉफ्टवेअरने मोजण्याचा नाद सोडा. एसटीएम32 च्या टायमरमध्ये एन्कोडर मोड असतो, तो प्रोग्रामला हातही न लावता मोजत राहतो. पीएलसी असेल, तर साध्या इनपुटऐवजी हायस्पीड काउंटर इनपुट आणि त्याच्या सेटिंगमध्ये ए-बी फेज मोड निवडा.

तेव्हा निवड अशी करा. पंख्याचे आरपीएम पाहायचे असतील, किंवा एकाच दिशेने न थांबता चालणाऱ्या कन्व्हेयरचा वेग हवा असेल, तर एक तार बास. जिथे थांबणं, कापणं, मागे घेणं आहे, तिथे दोन्ही तारा जोडा आणि चारही बदल मोजा. इनपुट हळू असतील, तर निदान वर सांगितलेली अधिक-वजा पद्धत वापरा. मात्र वीज गेली की यांपैकी कुठल्याही पद्धतीत जागा विसरली जाते. एन्कोडरला झेड चॅनेल असेल, तर तो फेरीत एकदा खूण देतो, पण ती कितवी फेरी हे सांगत नाही. मशीन चालू झाली की आम्ही पहिला तुकडा कापून बाजूला टाकतो आणि तिथून मोजणी सुरू करतो.

मशीन तुमच्याकडे आधीपासून असेल, तर चाचणी दोन मिनिटांची आहे. चाक बोटाने अगदी हळू फिरवत काउंटर नेमका बदलतो तिथे थांबा. मग त्याच जागी चाक मागे-पुढे पन्नास वेळा हलकेच डोलवा. चारही बदल मोजणारा काउंटर एक-दोन आकड्यांत खालीवर होत राहील. पन्नासने पुढे गेला, तर तारा कितीही जोडल्या असोत, वाचन चुकीचं आहे.