इलस्ट्रेशन काढू की फ्लॅट? टेलर मास्तरला देताना काय द्यायचं

लग्नसराईत डिझाईन काढून देणाऱ्या जळगाव-धुळ्याकडच्या मुली मला हेच विचारतात, ताई, फिगरच्या अंगावर घातलेल्या कपड्याचं इलस्ट्रेशन आणि नुसत्या कपड्याचा फ्लॅट, दोन्हीपैकी एकच काढायला वेळ आहे तर कुठलं काढू? मी सरळ सांगते, कपडा शिवायचाय तर फ्लॅट.

माझं काय झालं ते बघा. गुडघ्यापर्यंतचा अनारकली होता, मी नेहमीच्या नऊ डोक्यांच्या, म्हणजे डोक्याच्या नऊपट उंच, फिगरवर काढला. खरा माणूस साधारण साडेसात डोक्यांचा असतो आणि फॅशन फिगरमध्ये जास्तीची उंची बहुतेक सगळी पायात टाकतात, त्यामुळे माझ्या चित्रात खांदा ते कंबर दीड डोकं आणि कंबर ते गुडघा तीन डोकी होतं, म्हणजे दुप्पट. बाईचं खरं माप खांदा ते कंबर १५ इंच आणि कंबर ते गुडघा २३, म्हणजे कुर्ता ३८ चा. मास्तरने १५ ची चोळी धरली, चित्रावरून खाली दुप्पट ३० धरले आणि ४५ चा कापला, तो पोटरीवर आला. वर मलाच विचारलं, "ताई, हाई ते चित्र शे, माप कोठे शे?" बरोबरच होतं त्यांचं, मी माप लिहिलंच नव्हतं.

फ्लॅटमध्ये अंगच नसतं. कपडा जमिनीवर पसरल्यासारखा, खऱ्या प्रमाणात, पुढून आणि मागून काढायचा, बाहेरची रेघ जाड, शिलाईची जोडरेघ बारीक, वरून दिसणारी टीप तुटक. चेन मागे की बाजूला, कळ्या किती, पट्टी किती रुंद हे सगळं तिथेच कळतं.

पण घेर कसा पडेल ते फ्लॅट नीट सांगत नाही, तिथे इलस्ट्रेशनच लागतं. फिगरचं वजन एका पायावर टाकलं की त्या बाजूचा कुल्हा वर जातो, घेर तिथून लटकतो आणि खालची कडही तिरकी होते, जॉर्जेट असेल तर घड्या लांब आणि मऊ, कडक कॉटन असेल तर कापड अंगापासून सुटून उभं राहतं. गिऱ्हाइकाला हेच बघायचं असतं, तिला तुटक रेघांशी काय करायचंय!

सगळ्यात जास्त घोळ चुन्नट आणि अंब्रेला कटमध्ये होतो. चुन्नट असेल तर कमरेच्या शिलाईपासूनच छोट्या कमीजास्त रेघा निघतात आणि खाली विरतात, अंब्रेलाला कमरेवर एकही रेघ नको, कंबर सपाट आणि लाटा फक्त खालच्या कडेला. फ्लॅटमध्येही हाच नियम. कमरेवर उगाच चार रेघा ओढल्या की मास्तर चुन्नट घालणार, आणि बाईचं पोट फुगलेलं दिसणार.

गिऱ्हाइकाला दाखवायला चित्र लागणारच असेल तर फिगर आठ डोक्यांची घ्या, पडण कळते आणि लांबीही फार फसवत नाही, तरी शेजारी पूर्ण लांबी इंचात लिहाच.