रोजचा आकडा की आठवड्याची सरासरी?

मे महिन्यातलं सोलापूर. सकाळी स्मार्ट काट्यावर वजन ७८ किलो, चरबी २८.४ टक्के, म्हणजे साधारण २२.२ किलो. दिवसभर उन्हात फिरून संध्याकाळी पुन्हा उभा राहिलो: वजन ७७.२, चरबी २९.९ टक्के. हिशेब केला तर २३.१ किलो! वजन ८०० ग्रॅम उतरलं आणि चरबी जवळजवळ किलोभर वाढली? एका दिवसात असं होत नाही.

गेलं होतं ते पाणी. काटा चरबी मोजतच नाही. तो एका तळपायातून दुसऱ्यात बारीकसा वीजप्रवाह सोडून अडथळा मोजतो. घामाने पाणी कमी झालं की अडथळा वाढतो आणि काटा त्याला चरबी समजतो. शिवाय प्रवाह मुख्यतः पायांतून जातो. पोटाचा अंदाज उंची, वय आणि लिंग यांच्या सूत्रावरून. म्हणून रोजचा आकडा मी मनावर घेत नाही.

सरासरीचं तसं नाही. काट्याची कायमची चूक तिच्यातही राहते, पण रोजचे चढउतार बरेचसे एकमेकांना खोडतात. सकाळी शौचानंतर, पाणी पिण्याआधी, कोरड्या अनवाणी पायांनी मोजायचं. सात दिवसांची सरासरी काढून चार आठवड्यांनी ताडून बघायची. माझी २८.६ वरून २७.९ झाली. एवढ्यावर मी विश्वास ठेवला नसता, पण शिंप्याच्या टेपने कंबरही तीन सेंटिमीटर कमी दाखवली. काटा मात्र बदलू नका. नव्याचं सूत्र वेगळं असतं. आणि पेसमेकर असेल तर यावर उभंच राहू नये.