१५० एएचची बॅटरी आणि लेबलवरचं ‘सी२०’: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पावसाळ्याच्या तोंडावर घरात इन्व्हर्टर आणि १५० एएचची, म्हणजे १५० अँपिअर-तासांची, उंच ट्युब्युलर बॅटरी घेतली. आमच्याकडे कुडाळ तालुक्यात आषाढात तारेवर झाड पडलं की चार-चार, पाच-पाच तास लाइट येत नाही, त्यामुळे घेताना हिशेब करूनच घेतली होती. दोन पंखे, दोन ट्युबा, टीव्ही आणि राउटर मिळून २८० वॅट. इन्व्हर्टरमधली घट धरली की बॅटरीतून साधारण २८ अँपिअर ओढले जाणार. १५० भागिले २८, म्हणजे पाच तासांच्या वर. पुरेल असं वाटलं.

जुलैत पहिल्यांदा लाइट बराच वेळ गेली आणि सव्वातीन तासांत इन्व्हर्टर पीं-पीं करून बंद पडला. आई तेव्हा तापाने झोपलेली, पंखा थांबला तसा जीव खालीवर झाला. अर्ध्या तासाने सहज बटण दाबलं, तर ट्युबा पुन्हा लागल्या आणि वीसेक मिनिटं चालल्या! संपलेल्या बॅटरीत हा जोर कुठून आला, हे कळेना.

बॅटरी खराब निघाली असं धरून मी दुकानात तक्रार केली. दुकानाचा माणूस आला. फुल चार्ज असताना त्याने हायड्रोमीटरने सहाही सेलमधल्या अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी म्हणजे घनता पाहिली, सगळीकडे १२४० च्या आसपास. एखादा सेल मेला असता तर तिथला आकडा बाकीच्यांपेक्षा ठळक खाली दिसला असता. मग बॅटरीच्या वायरला क्लॅम्प मीटर लावला, २८ अँपिअर. माझा हिशेबही बरोबर होता. तेव्हा त्याने लेबलवर १५० एएचच्या पुढे बारीक अक्षरात छापलेल्या ‘सी२०’वर बोट ठेवलं.

त्याचा अर्थ असा: ही बॅटरी २० तासांत सावकाश रिकामी केली, तर १५० एएच देते. म्हणजे सतत साडेसात अँपिअर, आणि व्होल्टेज १०.५ ला आलं की मोजणी संपली. साडेसात अँपिअरवर फार तर एक पंखा आणि ट्युब चालेल. मी त्याच्या जवळजवळ चौपट ओढत होतो.

बॅटरीतलं अ‍ॅसिड प्लेटांच्या बारीक छिद्रांत शिरून तिथे काम करतं. जोरात करंट ओढला की छिद्रांतलं अ‍ॅसिड लगेच खर्ची पडतं आणि बाहेरचं ताजं अ‍ॅसिड तेवढ्या वेगाने आत पोचत नाही. व्होल्टेज कोसळतं, इन्व्हर्टर बंद होतो. थोडा वेळ विसावा दिला की अ‍ॅसिड आत मुरतं आणि बॅटरी परत थोडी उभी राहते. बंद पडल्यावर पुन्हा पेटलेल्या ट्युबांचं कोडं इथे सुटलं. पुढच्या खेपेस मी स्वतः, बंद पडल्यावर तासाभराने, ग्रॅव्हिटी पाहिली तर ११६० च्या आसपास होती. आत अ‍ॅसिड शिल्लक होतं, फक्त त्या वेगाने हाती लागत नव्हतं.

ट्युब्युलर बॅटरीचा ढोबळ अंदाज धरायचा तर सी२० वर १५० एएच देणारी बॅटरी १० तासांत संपवली की १२५ च्या आसपास देते, पाच तासांत १०५, आणि तीन तासांत ९० च्या घरात. माझे २८ अँपिअर गुणिले सव्वातीन तास म्हणजे ९१. बॅटरी चोख होती, चुकलं होतं ते माझं भागाकाराचं गणित.

सप्टेंबरात दोन्ही जुने पंखे काढून बीएलडीसी बसवले, एकेक ३० वॅटच्या आत. लाइट गेली की टीव्ही बंद. आता मीटरवर १२ अँपिअरच्या आसपास दिसतात. लोड निम्म्याहून थोडा कमी झाला, पण त्या हिशेबाने बॅकअप तिपटीच्या जवळ जातो, कारण सावकाश ओढल्याने बॅटरीतून मुळातच जास्त एएच निघतात. दिवाळीआधी एकदा सहा तास लाइट नव्हती, तेव्हा इन्व्हर्टरने एकदाही आवाज केला नाही. दहा तास पूर्ण चालवून मी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. बॅटरी वारंवार तळापर्यंत नेली की तिचं आयुष्य घटतं.

शेजारच्या काकांनी सोलरसाठी घेतलेल्या बॅटरीवर १५०च लिहिलंय, पण पुढे ‘सी१०’. ती दहा तासांत, म्हणजे १५ अँपिअरने, १५० देते. सी२० च्या भाषेत ती १८० च्या जवळपास बसते. म्हणूनच ती महाग पडली आणि उचलायलाही जड होती. मी दुकानात दोन्हींवर १५० वाचून स्वस्त ती उचलली. तुम्ही किंमत विचारण्याआधी दोन्ही लेबलांवरचा तासांचा आकडा सारखा आहे का ते बघा. नसेल, तर सी२० वाल्याचे सहा भाग करून पाच धरा, म्हणजे दोन्ही दहा तासांच्या मापावर येतात.

आठ महिन्यांत दोनदा डिस्टिल्ड वॉटर घातलं. परवा पुन्हा ग्रॅव्हिटी पाहिली, सहाही सेल १२४० ला.