पिवळी ज्योत : हवेची झडप उघडावी, की खालची नळी साफ करावी?

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या शेगडीचा डावा बर्नर पिवळा पेटायला लागला. उजवा मात्र निळाच. कुकर डावीकडे लागायचा, त्यामुळे त्याचं बूड आठवड्याभरात तव्यासारखं काळं झालं. आईने ते राखेने घासून काढलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ही तक्रार घेऊन कुणालाही विचारलं, तर सल्ले दोनच मिळतात. एक म्हणजे बर्नरखालची हवेची झडप थोडी उघडा. दुसरा म्हणजे बर्नर सोडवून खालची नळी आणि जेट साफ करा. मी दोन्ही करून पाहिलं, आधी पहिलं आणि मग दुसरं. माझं झुकतं माप कुठे आहे ते पुढे कळेलच, पण झडपेच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे.

ज्योत पिवळी का होते, तेवढं आधी पाहू. जेटच्या बारीक भोकातून गॅस वेगाने बाहेर येतो आणि समोरच्या नळीच्या तोंडात शिरतो. त्या वेगामुळे आजूबाजूची हवा त्याच्याबरोबर आत ओढली जाते. नळीत दोघं मिसळतात आणि वर बर्नरच्या भोकांशी पेटतात. शाळेतल्या बुन्सेन बर्नरची १८५५ सालची युक्ती हीच. सिलेंडरच्या गॅसला पूर्ण जळायला स्वतःच्या साधारण पंचवीस ते तीस पट हवा लागते. त्यातली निम्मी-अर्धी नळीतच मिसळावी लागते, उरलेली ज्योत बाजूने घेते. नळीत हवा कमी पडली, की ऑक्सिजन भेटायच्या आतच उष्णतेने गॅसचे तुकडे होतात आणि त्यातून कोळशाचे अतिसूक्ष्म कण बनतात. ते तापून पिवळे चमकतात, आणि थंड बुडाला लागले की काजळी म्हणून चिकटून बसतात. मुंबईत १८६५ साली रस्त्यावर गॅसचे दिवे लागले, तेव्हा लोकांना हीच पिवळी चमक हवी होती. कुकरला ती नको असते.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखावी. निळ्या ज्योतीत मधूनमधून नारिंगी ठिणग्या उडत असतील, तर ती बहुतेक धूळ असते, किंवा भाताचं मिठाचं पाणी उतू जाऊन बर्नरवर सुकलेलं असतं. त्याने भांडं काळं होत नाही. खरी पिवळी ज्योत लांब, मऊ, डोलणारी असते. खात्री करायची तर स्टीलची स्वच्छ वाटी चिमट्याने पाच-सहा सेकंद ज्योतीवर धरा. काळा डाग आला, तर हवा कमी आहे.

आता झडप. नळीच्या तोंडाशी काही शेगड्यांना पातळ पत्र्याची फिरणारी पट्टी असते. ती फिरवली की हवेचं भोक लहान-मोठं होतं. पुष्कळ शेगड्यांना ती नसतेच, आणि मग हा प्रश्न आपोआप सुटतो. आमच्या शेगडीला आहे. मेकॅनिक आला, शेगडी उलटी केली, पट्टी पूर्ण उघडली, जेटमध्ये टाचणी फिरवली, साडेतीनशे रुपये घेतले आणि दहा मिनिटांत गेला. ज्योत निळी झाली. मी खूश.

खुशी टिकली ती दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध तापेपर्यंत. दूध उकळलं, आईने गॅस सिमवर केला आणि खालून 'फट्' असा आवाज आला. बर्नरवर ज्योत नाही, पण शेगडीच्या पोटात काहीतरी फुरफुरतंय, आणि डोळ्यांना झोंबणारा वास. ज्योत वरून नळीत उतरली होती आणि जेटच्या टोकाशी जळत होती. असं झालं की नॉब लगेच बंद करायचा, नाहीतर नळी तापते. आईने बंद केला, पण पुढचे पंधरा दिवस हे रोज एकदा तरी व्हायचं. दूध, वरण, खीर, जे जे म्हणून सिमवर ठेवायचं, त्याच्यापाशी उभं राहावं लागायचं. आई डाव्या बर्नरला 'फटाका' म्हणू लागली. माझा निर्णय झाला तो खरं म्हणजे या फटाक्यामुळे.

याचं कारण सरळ आहे. बर्नरच्या भोकांतून मिश्रण वर येतं त्याचा एक वेग असतो, आणि ज्योत त्या मिश्रणात खाली सरकू पाहते तिचाही एक वेग असतो. दोन्ही जुळले, की ज्योत भोकाशी स्थिर राहते. हवा वाढवली की मिश्रण जास्त चपळाईने जळतं. मोठ्या आचेवर गॅसचा जोर असतो, तेव्हा चालून जातं. सिमवर तो जोर पडतो आणि ज्योत आत घुसते. उलट मोठ्या आचेवर हवा अतोनात झाली, तर ज्योत भोकांपासून सुटून वर तरंगते, सूं-सूं आवाज करते आणि विझतेही. म्हणजे झडपेने पिवळेपणा गेला, पण ज्या कारणाने हवा अडत होती ते तिथेच राहिलं.

कारण कुठे आहे हे खरं तर आधीच कळायला हवं होतं. एकच बर्नर पिवळा आणि शेजारचा निळा, म्हणजे सिलेंडर आणि रेग्युलेटर दोघेही निर्दोष. दोन्ही बर्नर एकदम पिवळे पडले असते, तर गॅस संपत आलाय का, रेग्युलेटर बिघडलाय का, हे पाहायला हवं होतं. एकच पिवळा म्हणजे दोष त्याच्याच वाटेत.

एका रविवारी सिलेंडरचा रेग्युलेटर बंद केला, शेगडी गार होऊ दिली आणि बर्नर काढून नळी खिडकीकडे धरली. पलीकडचा उजेड अर्धाच दिसत होता. आत कोळ्याचं जाळं, त्यावर फोडणीच्या तेलाचा चिकटा, आणि त्यात अडकलेलं झुरळाचं एक रिकामं अंडं. मुंबईच्या स्वयंपाकघरात यात नवल काहीच नाही, रात्री बंद शेगडीची नळी म्हणजे त्यांना ऊबदार खोलीच. बाटली धुण्याचा बारीक ब्रश दोन्ही बाजूंनी फिरवला, नळी गरम साबणपाण्याने धुतली, आणि बर्नरची भोकं टूथब्रशने मोकळी केली. मग सगळं पूर्ण वाळू दिलं. ओला बर्नर घाईने लावला तर ज्योत तडतडते आणि पुन्हा पिवळी दिसते, आणि माणूस उगाच झडपेकडे वळतो.

बसवताना एक काळजी घ्यावी लागते. नळी जेटच्या अगदी समोर, सरळ रेषेत बसली पाहिजे. जराशी वाकडी बसली, तर गॅसची धार नळीच्या भिंतीवर आपटते आणि हवा ओढण्याचा जोर जातो. पहिल्या वेळी माझी नळी वाकडीच बसली होती.

तरीही टोकाला थोडा पिवळा रंग राहिला. तो टाचणीचा प्रताप असावा असं मला वाटतं. जेट पितळेचा, म्हणजे मऊ, आणि भोक मिलिमीटरपेक्षाही लहान. टाचणीने भोकाचा व्यास दहा टक्के वाढला, तर त्याचं क्षेत्रफळ एकवीस टक्के वाढतं, आणि जवळपास तेवढा गॅस जास्त येतो. नळी मात्र तेवढी हवा वाढवून देत नाही. जेट अडकला असेल तर काढून साबणपाण्यात भिजवून फुंकर मारावी. तेवढ्याने मोकळा होत नसेल तर बदलावा. मी त्याच आकड्याचा नवा जेट आणला, साठ रुपयांना. बसवल्यावर सांध्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येत नाहीत ना, हे पाहिलं. इथे काडी पेटवून कुणी तपासू नये.

आणि मग, सगळं स्वच्छ झाल्यावर, झडपेला हात लावला. तिची खरी जागा इथे आहे. ज्योत मोठी ठेवून पट्टी हळूहळू बंद करत न्या, टोकाला पिवळं दिसू लागेल. आता उलट फिरवा, आणि पिवळं नाहीसं झालं की थांबा. आतला निळा शंकू स्पष्ट दिसला पाहिजे आणि ज्योत भोकाला टेकलेली असली पाहिजे. मग सिमवर नेऊन मिनिटभर पाहा. 'फट्' झालं तर पट्टी किंचित बंद करा. आमची पट्टी आता जेमतेम अर्धी उघडी आहे. मेकॅनिकने ती पूर्ण उघडी ठेवली होती.

तेव्हा, शेगडी नवी असेल, नळी मोकळी दिसत असेल आणि टोकाला फक्त किंचित पिवळं असेल, तर झडप पुरेल. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मेकॅनिकलाही दोष देता येत नाही. शेगडी दोन-तीन वर्षांची असेल आणि पिवळेपणा हळूहळू वाढला असेल, तर माझ्या मते आधी नळीच काढावी. अर्धा दिवस जातो आणि हात काळे होतात, हे मान्य. पिवळ्या ज्योतीत कार्बन मोनॉक्साइड बनण्याची शक्यता असते, म्हणून तोवर खिडकी बंद ठेवून स्वयंपाक करू नये.

एका ठिकाणी मात्र दोन्ही उपाय हरतात. माझ्या बहिणीची दादरची इमारत पुनर्विकासाला गेली आणि ती मुलुंडला भाड्याने राहायला आली. दादरला पाइप गॅस होता, मुलुंडला सिलेंडर. शेगडी तीच आणली. पहिल्याच दिवशी दोन्ही बर्नर उंच, पिवळे, धुरकट. नळ्या स्वच्छ होत्या, झडपा पूर्ण उघडल्या, तरी फरक नाममात्र. पाइप गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याला स्वतःच्या दहापट हवा पुरते, आकारमानाला उष्णता कमी असते आणि दाबही सिलेंडरपेक्षा कमी असतो, म्हणून त्याच्या जेटची भोकं मोठी असतात. त्याच भोकांतून सिलेंडरचा गॅस सोडला, तर आच जवळजवळ दुप्पट होते, आणि तेवढी हवा ती नळी ओढू शकत नाही. तिथे जेटच बदलावे लागतात, तेही जाणकाराकडून, कारण सिमचं भोकही तपासावं लागतं. बहिणीने ते बदलून घेतले. काढलेले दोन जुने जेट तिने कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलेत, वर 'दादर, पाइप गॅस' अशी चिठ्ठी चिकटवून.