इंडक्शनची काच: आठ महिने, एक खड्डा आणि साठ रुपयांचा स्क्रेपर

शेगडी तापते छान, बिलही परवडतं. माझं भांडण फक्त काचेशी आहे.

दिवाळीला घेतली. संक्रांतीला बायकोनं तिळाच्या वड्यांसाठी गुळाचा पाक केला आणि कढई उचलताना चमचाभर काचेवर सांडला. मी म्हटलं, "राहू दे, गार झाल्यावर काढतो." सकाळी उलथन्यानं दाबलं, तर गुळाची टिकली टक्कन उडाली आणि खालून काचेचा बारीक टवका घेऊन गेली. सर्व्हिसवाला म्हणाला, वॉरंटीत बसत नाही, काच बदला. सांगितलेला आकडा ऐकून मी फोन ठेवला. तडा गेला असता तर वापर बंदच करावा लागला असता, पण हा वरवरचा खड्डा आहे.

दोन महिने मी कंपनीलाच शिव्या घातल्या. मग बायकोनं पुस्तिका वाचून दाखवली. दूध, आमटी, रस्सा सांडला तर गार होऊ द्यायचं. साखर-गुळाचं मात्र उलटं, गरम असतानाच खरवडायचं. पाक काचेला घट्ट धरतो आणि गार होताना काचेपेक्षा जास्त आकसतो, त्या ओढीत काचही निघते. म्हणजे चूक माझीच.

खरवडायला मी पात्याचा स्क्रेपर आणला, रंगारी काचेवरचा रंग काढायला वापरतात तो. ब्लेडनं ओरखडे येतील म्हणून महिनाभर हातच लावला नाही, हिरव्या घासणीनंच घासत बसलो. बारीक चरे पडले ते तिच्यामुळेच! तिच्यातले कण काचेपेक्षा कठीण असतात. पातं जवळजवळ आडवं धरलं, तीसेक अंशांत, आणि पुढंच ढकललं तर ते नुसतं सरकतं. टोक टेकवायचं नाही, गंजलेलं किंवा दातरलेलं पातं फेकून द्यायचं. आणि फक्त काचेवर. बटणांच्या छापील भागावर नाही.

करपलेल्या दुधावर मी खायच्या सोड्याची ओली पेस्ट लावतो, वर ओलं फडकं, पंधरा-वीस मिनिटं. मग स्क्रेपर, शेवटी पिळलेलं फडकं. पाणी ओतायचं नाही, आत उतरतं.

तरीही करडी रेघ राहिली तर नख फिरवून बघा. नख अडकलं तर चरा, तो जात नाही. नाही अडकलं तर भांड्याच्या बुडाचा धातू घासलाय. तो व्हिनेगरनं पुष्कळसा निघतो. महागडं क्रीम मी अजून घेतलेलं नाही.

परवा बेंदराला पुरण उडालं. बटण बंद, पातेलं बाजूला, हाताला जाड फडकं गुंडाळून गरम गूळ थंड कडेकडं ढकलला. डाग नाही, टवका नाही. संक्रांतीच्या खड्ड्यात तेवढा सोडा बसून राहतो, पांढरा ठिपका. तो टाचणीनं काढायला जाऊ नका म्हणून बायको रोज बजावते.