पायथागोरस कापून पाहताना: चार त्रिकोण की पेरिगलचे तुकडे?

आठवीच्या वर्गासाठी पायथागोरसच्या प्रमेयाची कृतिपत्रिका करायची तर माझ्यासमोर दोन वाटा असतात.

पहिलीत 6 आणि 8 सेंमी बाजूंचे चार सारखे काटकोन त्रिकोण आणि 14 सेंमीची चौरस चौकट. त्रिकोण चारी कोपऱ्यांत ठेवले की मध्ये तिरका चौरस मोकळा राहतो. मग तेच त्रिकोण जोडीजोडीने दोन आयत करून ठेवायचे. आता मोकळे राहतात 6 आणि 8 चे चौरस. चौकट तीच, त्रिकोण तेच, म्हणजे मोकळी जागाही तेवढीच. मुलं हे स्वतःच बोलतात. मात्र ती तिरकी जागा खरंच चौरस आहे का, हा प्रश्न पत्रिकेत हवाच. दोन लघुकोन मिळून 90 अंश, म्हणून उरलेला कोन काटकोन, हे तिथेच निघतं.

दुसरी हेन्री पेरिगल या हौशी इंग्रज गणितज्ञाची. 8 च्या चौरसाच्या मध्यातून त्रिकोणाच्या कर्णाला समांतर एक आणि लंब एक रेघ मारून कापायचं. चार तुकडे आणि 6 चा चौरस मिळून 10 चा चौरस भरतो. लहान चौरस मधोमध बसतो, तुकडे न फिरवता नुसते सरकवायचे. दिसायला सुंदर, पण रेघ जरा चुकली की फट पडते, आणि ती कात्रीची की गणिताची, मुलांना कळत नाही. शिवाय मध्यातूनच का कापायचं, ते शिक्षकालाच सांगावं लागतं.

मी पहिली आधी देतो. दुसरी नंतर, कोडं म्हणून. आणि दोन्हींनंतर 5 व 7 बाजूंचा त्रिकोण: कर्ण मोजून साधारण 8.6 येतो.